प्लेटच्या फोटोवरून झोन मोजताना पट्टी कुठे ठेवता?

प्रश्न: मी पुण्यात एमएस्सी मायक्रोबायोलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. लघवीच्या नमुन्यातून आलेल्या ई. कोलायची डिस्क टेस्ट केली. प्लेट झाकणावर उलटी ठेवून, साधारण 15 सेंमी उंचीवरून मोबाइलने फोटो काढला, शेजारी टेबलावर स्टीलची पट्टी ठेवली होती. ImageJ मध्ये त्या पट्टीवरून स्केल लावलं तर सिप्रोफ्लॉक्सासिनचा झोन 26.8, म्हणजे 27 मिमी आला. मैत्रिणीने तीच प्लेट हातात धरून पट्टीने मोजली, तिला 25 मिळाले. तक्त्यात 27 म्हणजे 'एस' आणि 25 म्हणजे 'आय'. कोणाचं बरोबर? फोटोवरून मोजायचंच नाही का? (फोटो जोडला आहे.)

उत्तर: मैत्रिणीचं बरोबर आहे. तुमचीही मोजणी चुकलेली नाही, पट्टीची जागा चुकली आहे. फोटोवरून झोन जरूर मोजता येतो. मी गेली बरीच वर्षं संशयास्पद प्लेटचा फोटो ठेवतेच, कारण दुसऱ्या दिवशी डॉक्टरांचा फोन येतो तेव्हा प्लेट ऑटोक्लेव्हमध्ये गेलेली असते.

आधी तुमच्या फोटोतलीच खूण सांगते. तुम्ही झोन मोजलात, पण डिस्क मोजली नाहीत. मी तुमच्याच स्केलवर पाचही डिस्क मोजल्या, प्रत्येक 6.4 मिमी भरते. बाजारातल्या बहुतेक डिस्क 6 मिमीच्या असतात. इथे एक खोड आहे: पाव इंची, म्हणजे 6.35 मिमीच्या डिस्कही मिळतात, त्यामुळे 6.4 पाहून 'बरोबरच आहे की' असं वाटू शकतं. म्हणून त्याच कार्ट्रिजमधली एक डिस्क काढा, तिच्यावर पाणी पडू देऊ नका, कोरडीच व्हर्नियरमध्ये अलगद धरा आणि मोजा. ती 6.0 भरली तर तुमच्या फोटोतली प्रत्येक गोष्ट 6.4 भागिले 6.0 इतक्या पटीने फुगलेली आहे. मग 26.8 ला 6.0 ने गुणून 6.4 ने भागा: 25.1. मैत्रिणीचे 25.

आता ती फुगली कशी ते बघू. पट्टी टेबलावर पडली होती. प्लेट मात्र झाकणावर उलटी होती, म्हणजे अगारचा जिवाणू वाढलेला पृष्ठभाग टेबलाला टेकलेला नव्हता. बंद पेट्री प्लेटची उंची दीडेक सेंमी असते. उलटी ठेवली की वर प्लेटचा तळ येतो, त्याखाली 4 मिमी अगार आणि त्याखाली वाढ. हिशेब केला तर वाढीची पातळी टेबलापासून सुमारे 1 सेंमी वर येते. तुमची लेन्स टेबलापासून 15 सेंमीवर, म्हणजे पट्टीपासून 15 आणि झोनपासून 14 सेंमीवर. जवळची वस्तू मोठी दिसते हे कॅमेऱ्यालाही लागू आहेच. झोन पट्टीच्या मानाने 15/14 पट, म्हणजे सात टक्के मोठा दिसला. 25 चे सात टक्के म्हणजे पावणेदोन मिमी, आणि तेवढ्याने निकाल बदलला.

हे सगळं 1 सेंमीमुळे झालं, हे आमच्या नव्या मुलांना पटत नाही. त्यांना वाटतं मोबाइल 50 मेगापिक्सेलचा आहे, मग चूक कशी होईल? मेगापिक्सेलचा इथे काही संबंधच नाही. व्हॉट्सअॅपवरून आकसून आलेल्या फोटोतही 90 मिमीची प्लेट हजार-बाराशे पिक्सेल रुंद असते, म्हणजे एका मिमीला अकरा ते तेरा पिक्सेल मिळतात. आपल्याला मोजायचं असतं पूर्ण मिमीत. पिक्सेल पुरून उरतात, गडबड उंचीची असते.

उपाय दोन, दोन्ही एकत्र करा.

पहिला, पट्टी वाढीच्या पातळीवर आणा. आमच्याकडे जुन्या काचेच्या स्लाइड्सची चळत असते. एक स्लाइड साधारण 1 मिमी जाडीची, दहा-एक स्लाइड्स एकावर एक रचल्या की 1 सेंमी उंची मिळते. पट्टीच्या दोन्ही टोकांखाली अशा दोन चळती ठेवा आणि पट्टीची वरची कड प्लेटच्या आतल्या अगारच्या पृष्ठभागाच्या रेषेत आली आहे का ते डोळा टेबलाच्या पातळीवर आणून, बाजूने बघा. दोन मिनिटांचं काम आहे. काही जण पट्टीऐवजी प्लेटच्या बाहेरच्या कडेचा व्यास व्हर्नियरने मोजून त्यावरून स्केल लावतात. उलट्या प्लेटवर वरून दिसणारी कड ही तळाची असते, म्हणजे वाढीपेक्षा 5 मिमी कॅमेऱ्याच्या जवळ, त्यामुळे झोन थोडे लहान येतात. सरळ ठेवलेल्या, झाकण काढलेल्या प्लेटमध्ये तर वरची कड वाढीपासून सेंमीभर उंच असते आणि चूक दुप्पट होते. शिवाय झाकण उघडून फोटो काढणं मला तरी मान्य नाही. रुग्णाच्या नमुन्यातला जिवाणू आहे तो.

दुसरा, मागे सरका. लेन्स झोनपासून 40 सेंमीवर नेली तर 1 सेंमीचा फरकही अडीच टक्क्यांवर येतो. 25 मिमीच्या झोनला तो सहा दशांश मिमी होतो. स्लाइड्स रचल्यावर तुमच्या पातळीत 2 मिमीची चूक राहिली तरी 40 सेंमीवरून ती अर्धा टक्का, विसरून जाण्याजोगी. लांबून प्लेट लहान दिसते म्हणून मोबाइलमध्ये दुप्पट झूम लावा आणि प्लेट फ्रेमच्या मधोमध ठेवा. कडेला मोबाइलची रुंद लेन्स आकार ओढते.

फोन तिरका असेल तर आणखी एक भानगड होते. दहा अंश कललेल्या फोनमध्ये 90 मिमी प्लेटची एक कड दुसरीपेक्षा दीड सेंमीने जवळ येते. 15 सेंमीवरून काढलेल्या फोटोत मग एका कडेची डिस्क 6.3 आणि समोरच्या कडेची 5.7 अशी दिसते. याची तपासणीही डिस्कच करून देतात. पाचही डिस्कची रुंदी पिक्सेलमध्ये मोजा, त्या एकमेकींशी एक-दोन टक्क्यांत जुळल्या पाहिजेत. तुमच्या फोटोत त्या जुळतात, म्हणजे फोन तुम्ही छान आडवा धरला होता. तिरका फोटो सॉफ्टवेअरने सरळ करत बसू नका, दुसरा काढा.

मग स्केल डिस्कवरूनच का लावू नये, असं तुम्ही विचाराल. ती तर वाढीच्याच पातळीवर आहे. कारण डिस्क लहान आहे. 6 मिमीच्या डिस्कची कड ठरवताना 0.3 मिमी इकडेतिकडे झालं, आणि कागदाची कड तंतुमय असल्याने ते सहज होतं, तर स्केल पाच टक्क्यांनी चुकतं आणि 25 च्या झोनला सव्वा मिमीचा फटका बसतो. पट्टीवरच्या 60 मिमीत तेवढीच 0.3 ची चूक म्हणजे अर्धा टक्का. म्हणून स्केल लांब पट्टीवरून, आणि खातरजमा डिस्कवरून.

ImageJ मध्ये उचललेल्या पट्टीवर 0 पासून 60 पर्यंत सरळ रेघ ओढायची, लांबी पिक्सेलमध्ये बघायची आणि `Analyze > Set Scale` मध्ये भरायची. समजा ती 1410 पिक्सेल आली:

```
run("Set Scale...", "distance=1410 known=60 unit=mm");
```

यानंतर झोनला हात लावण्याआधी डिस्क मोजा. 6.0 च्या आसपास नसेल तर पुढे जाऊ नका.

आता झोनची कड. इथे मात्र फोटो तुम्हाला दुसऱ्या पद्धतीने फसवतो, आणि डिस्क मोजूनही ते कळत नाही.

हातातल्या प्लेटवर आपण काळ्या पार्श्वभूमीवर, वरून पडणाऱ्या उजेडात, मागच्या बाजूने बघतो आणि उघड्या डोळ्यांना वाढ जिथे पूर्ण थांबलेली दिसते तिथे पट्टी लावतो. भिंग वापरायचं नाही. कारण तक्त्यातले आकडे त्याच पद्धतीने मोजलेल्या झोनवरून ठरलेले आहेत. स्क्रीनवर फोटो चौपट मोठा केला की तुम्ही नकळत भिंग हातात घेतलेलं असतं, आणि कडेवरचं अगदी पुसट धुकंही वाढ वाटू लागतं. त्याच्या उलट चूक आपोआप कड शोधणाऱ्या `Threshold` ची. ते काळा आणि पांढरा यांच्या मधोमध कुठेतरी रेघ मारतं, म्हणजे वाढ अर्ध्यावर आलेली असते तिथे. आपल्याला हवी असते वाढ संपते ती जागा, जी त्याहून डिस्कच्या जवळ असते.

हे प्रत्यक्ष बघायचं तर डिस्कच्या मध्यापासून बाहेर लॉनपर्यंत रेघ ओढा आणि `Analyze > Plot Profile` दाबा. डिस्कची पांढरी मेज, मग झोनचा काळा सपाट तळ, मग चढ, मग लॉनचं पठार असा आलेख दिसेल. तुमच्या सिप्रोच्या झोनला तो चढ सुमारे 0.6 मिमीत पूर्ण होतो. चढाचा पायथा धरला तर व्यास 25.1, चढाचा मध्य धरला तर दोन्ही बाजूंनी 0.3 वाढून 25.7. पूर्ण मिमीत लिहायचं म्हटलं की पहिला 25 आणि दुसरा 26. तुमच्या तक्त्यात नेमकी 26 ला 'एस' सुरू होते! पायथा धरा. एकाच रेषेवर समाधान मानू नका, डिस्कच्या मध्यातून जाणारे दोन काटकोनातले व्यास घ्या. फोटोवर 'एन्हान्स', एचडीआर, शार्पन असलं काही करू नका, ते चढाशीच खेळतात.

को-ट्रायमॉक्साझोलच्या डिस्कला हा नियम चालत नाही, एवढं लक्षात ठेवा. सल्फा लगेच मारत नाही, जिवाणू दोन-चार वेळा विभागून मग थांबतात, त्यामुळे झोनमध्ये पातळ पडदा राहतो. लॉनच्या सुमारे 20 टक्क्यांपर्यंतची ती पुसट वाढ सोडून द्यायची आणि ठळक कड मोजायची. प्रोटियसचं झोनमध्ये घुसलेलं पातळ जाळंही असंच सोडायचं.

तुमच्या फोटोत सिप्रोच्या झोनच्या आत, साधारण दोन वाजण्याच्या दिशेला, तीन पांढरे ठिपके आहेत. तुम्ही त्यांच्याविषयी विचारलं नाहीत, पण मी आधी त्यांच्याकडेच बघितलं. झोनमध्ये सुट्या वसाहती म्हणजे एकतर मिश्र कल्चर किंवा प्रतिरोधक पोटजात, आणि तसं असेल तर व्यास कितीही येवो, निकाल देता येत नाही. त्या ठिपक्यातून पुन्हा शुद्ध कल्चर घेऊन टेस्ट करावी लागते. पण मला वाटतं ते झाकणावर साठलेल्या वाफेचे थेंब आहेत. उलट्या प्लेटच्या फोटोत पारदर्शक झोनमधून खालचं झाकण आरपार दिसतं आणि थेंब हुबेहूब वसाहतीसारखे चमकतात. प्लेट डोळ्यांसमोर धरून जराशी कलती करा. वसाहत डिस्कपासून तेवढ्याच अंतरावर राहील, थेंब सरकलेला दिसेल, कारण तो वेगळ्या पातळीवर आहे. फोटोवरून हे कळत नाही. प्लेट टाकली असेल तर या शंकेसाठी टेस्ट पुन्हा करावीच लागेल. पुढच्या वेळी फोटोआधी झाकण बदला किंवा तेवढ्यापुरतं पुसून घ्या, अर्थात सेफ्टी कॅबिनेटमध्ये. आणि प्लेटच्या तळावर मार्करने नाव, तारीख, बॅच असं सगळं मोठ्या अक्षरांत लिहू नका हो. तुमच्या नायट्रोफ्युरँटॉइनच्या झोनची एक बाजू तारखेखाली गेली आहे. कडेला बारीक लिहायचं.

पार्श्वभूमीला चकचकीत काळा कागद नको, त्यात ट्यूबलाइट दिसते. अप्पा बळवंत चौकात मिळणारा मॅट काळा कार्डपेपर किंवा काळं मखमली कापड चांगलं. उजेड बाजूने, तिरका.

आता आकडा 25 धरला तर तो वाचायचा कशाने? हेही सांगते, कारण इथे मी स्वतः आपटले आहे. सीएलएसआयच्या 2019 च्या आवृत्तीपासून एन्टेरोबॅक्टेरेलिससाठी (साल्मोनेला वगळून) 5 मायक्रोग्रॅम सिप्रो डिस्कची मोजपट्टी अशी आहे: 26 किंवा जास्त म्हणजे 'एस', 22 ते 25 'आय', 21 किंवा कमी 'आर'. त्याआधी 21 पासूनच 'एस' सुरू व्हायची. मी तेव्हा ज्या लॅबमध्ये होते तिथे भिंतीवर लॅमिनेट केलेला जुना तक्ता होता आणि तो बदलायला आम्हाला बराच काळ लागला. त्या काळात 23 मिमीचे झोन मी माझ्या सहीने 'एस' म्हणून पाठवले आहेत. आणि युकास्टच्या तक्त्यात 25 ला 'एस' सुरू होते, म्हणजे तोच झोन, तीच डिस्क, आणि उत्तर वेगळं! त्यामुळे रिपोर्टवर कोणता तक्ता आणि कोणतं वर्ष ते लिहा. दोन तक्ते मिसळायचे नाहीत, सोयीचा तर मुळीच निवडायचा नाही.

त्याच कारणाने एका औषधाचा झोन दुसऱ्याशी ताडून बघायचा नसतो. तुमच्या प्लेटवर सेफ्ट्रायअॅक्सोनचा झोन 18 आणि नायट्रोफ्युरँटॉइनचाही 18 आहे. पहिला 'आर' (19 किंवा कमी), दुसरा 'एस' (17 किंवा जास्त). डिस्कमधलं औषध किती आणि ते अगारमधून किती वेगाने पसरतं यावर झोन ठरतो. फोटो पाहून 'याचा गोल मोठा, म्हणजे हे औषध भारी' असं रुग्णाचे नातेवाईकच नाही, कधीकधी डॉक्टरही म्हणतात.

आणखी एक गोष्ट फोटोत अजिबात दिसत नाही: अगारची जाडी. ती 4 मिमी हवी, 90 मिमी प्लेटला त्यासाठी सुमारे 25 मिली म्युलर-हिंटन लागतं. मीडिया वाचवायचा म्हणून 18 मिली ओतलं तर जाडी तीनच्या खाली जाते, औषध आडवं जास्त पसरतं आणि सगळेच झोन फुगतात. त्यात स्केल कितीही अचूक लावा, फुगलेला झोनच अचूक मोजून मिळेल. टेबल उतरतं असेल तर झोन गोल न राहता एका बाजूला पसरट होतात, तेवढं मात्र फोटोत कळतं. सस्पेन्शन पातळ झालं, 0.5 मॅकफार्लंडपेक्षा कमी, तरी झोन मोठे येतात. त्याची खूण लॉनमध्ये असते: वाढ सलग न दिसता सुट्या सुट्या वसाहती दिसल्या तर ती प्लेट मोजू नका. तुमचं लॉन सलग आहे.

म्हणून त्याच दिवशी, त्याच बॅचच्या अगारवर एटीसीसी 25922 ही ई. कोलाय लावलेली असते. तिचा सिप्रोचा झोन 29 ते 38 मध्ये यायला हवा. ही रुंदी बघा, नऊ मिमी! प्रमाणित जिवाणू, प्रमाणित डिस्क, चांगल्या लॅब, तरीही एवढा फरक मान्य आहे. तेव्हा 26.8 मधल्या त्या .8 चा फार मान ठेवू नका. ImageJ दशांश देतं कारण त्याला पिक्सेल मोजता येतात, टेस्टमध्ये तेवढी अचूकता नसते. तुम्ही क्यूसीची प्लेट लावली होती का, ते प्रश्नात लिहिलेलं नाही.

तुमच्या या नमुन्याचं मी असं करेन. रजिस्टरमधले 27 एका रेघेने खोडायचे, खालचं वाचता येईल असे, शेजारी 25 लिहून सही आणि तारीख घालायची. शेऱ्यात 'स्केल टेबलाच्या पातळीवर, डिस्क 6.4 भरली, दुरुस्त' एवढं लिहायचं. 25 हा सीमेवरचा आकडा आहे आणि ते तीन ठिपके आहेत, म्हणून एका वसाहतीतून शुद्ध कल्चर घेऊन टेस्ट पुन्हा लावायची, सोबत 25922 ची प्लेट, 35 अंशांवर 16 ते 18 तास. पुन्हा 24 ते 27 च्या दरम्यानच घुटमळली तर झोनवर वाद घालण्यापेक्षा सिप्रोची एमआयसी करून घ्यायची. 0.25 किंवा कमी आली तर 'एस', 0.5 आली तर 'आय', 1 किंवा जास्त आली तर 'आर'. आणि या वेळी मैत्रिणीला तुमचा आकडा न सांगता आधी तिला मोजू द्या, फोटो नंतर काढा.